शिडीत साप सोडावा लागतो

आमच्या क्लबात स्क्वॉश कोर्टाबाहेर, बुटांच्या नाड्या बांधायला जो बाक आहे त्याच्या वर, एक लाकडी फळा टांगलेला आहे. फळ्यावर एकाखाली एक चोवीस खुंट्या, प्रत्येक खुंटीला पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर एकेक नाव. चार वर्षांपूर्वी या फळ्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा पाचव्या खुंटीवर ज्यांचं नाव होतं ते सभासद बदली होऊन बेंगळुरूला गेले होते, आणि जाऊन त्यांना चौदा महिने झाले होते. सातव्या खुंटीवरच्या गृहस्थांनी गुडघा दुखावल्यावर रॅकेट कपाटात ठेवली होती आणि ते रोज सकाळी पोहायला येत होते. पहिल्या क्रमांकाच्या बिल्ल्यावर धूळ होती. त्यांना दीड वर्षात कुणी हरवलं नव्हतं, कारण दीड वर्षात ते कुणाशी खेळलेच नव्हते.

या फळ्याला खेळाडू ‘लॅडर’ म्हणतात. आपण शिडी म्हणू. कल्पना इतकी सोपी आहे की ती बिघडते कशी, याचंच नवल वाटावं. सगळ्या खेळाडूंना एका उभ्या रांगेत क्रमाने लावायचं. खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचं, दोघांनी सामना खेळायचा, खालचा जिंकला तर तो वर चढतो आणि हरला तर रांग होती तशी राहते. ही स्पर्धा संपत नाही. तिला अंतिम फेरी नाही, चषक नाही आणि ठरलेला दिवसही नाही.

ज्यांनी स्क्वॉश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावणेदहा मीटर लांब आणि सहा मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद अशी चार भिंतींची खोली. दोघं खेळाडू एकाच खोलीत, एकाच समोरच्या भिंतीकडे तोंड करून खेळतात. लिंबाएवढा रबरी चेंडू जमिनीवर दुसरा टप्पा पडण्याआधी मारायचा आणि तो समोरच्या भिंतीवर, तळाशी असलेल्या ‘टिन’च्या पट्टीच्या वर लागला पाहिजे. ११ गुणांचा गेम, १०-१० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी, आणि पाचांपैकी तीन गेम जिंकणाऱ्याचा सामना. क्लबातला असा सामना साधारण पाऊण तासात आटोपतो. पंच नसतोच, सर्व्हिस करणारा मोठ्याने गुण सांगतो, आणि एकमेकांच्या वाटेत आल्यावरून वाद झाला तर ‘लेट’ म्हणून तो पॉइंट पुन्हा खेळतात. म्हणजे सामन्याला लागतात फक्त दोन माणसं आणि एक मोकळं कोर्ट. सकाळी सहाला दवाखान्यात जाण्याआधी खेळणारी डॉक्टर आणि रात्री नऊला दुकान बंद करून येणारा दुकानदार, दोघांनाही एकाच स्पर्धेत राहता येतं, हे शिडीमुळेच. बाद फेरीच्या स्पर्धेत निम्मे लोक पहिल्याच दिवशी घरी जातात.

मग शिडी मरते कशी? मी सुरुवातीला लोकांच्या आळसाला दोष देत असे. पुढे लक्षात आलं की दोष मांडणीतच आहे. सहाव्या क्रमांकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. नवव्याने आव्हान दिलं. जिंकलात तर तुम्ही सहावेच राहणार, आणि हरलात तर खाली जाणार. म्हणजे घाम गाळून मिळवायचं काहीच नाही आणि गमवायला जागा आहे. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? तो म्हणेल, “या आठवड्यात जमत नाही हो, पुढच्या आठवड्यात बघू.” पुढच्या आठवड्यात घरी पाहुणे असतात, त्यानंतर ऑडिट असतं. यात तो खोटं बोलतो असंही नाही. माणसाला मनापासून हवं ते तो पाहुणे असतानाही जमवतो, एवढंच. तीनदा असं झालं की नववा विचारायचं सोडतो. वरच्या सहा-सात जणांनी असं केलं की खालच्यांना वर बघण्यात अर्थ उरत नाही, आणि दोन महिन्यांत फळा ही शोभेची वस्तू होते.

सापशिडीच्या पटावर शिड्यांबरोबर सापही असतात, म्हणून तो खेळ हलता राहतो. स्क्वॉशच्या शिडीत उपजत साप नाही. तो नियम करून सोडावा लागतो. नियमांची खटपट असते ती एकाच गोष्टीसाठी: न खेळणं हे हरण्यापेक्षा महाग पडलं पाहिजे.

यातला पहिला निर्णय लोक फारसा विचार न करता घेतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. खालचा जिंकल्यावर बिल्ले हलवायचे कसे? रीती दोन आहेत. समजा, नवव्याने सहाव्याला हरवलं. पहिली रीत अदलाबदलीची: नववा सहाव्या खुंटीवर, सहावा नवव्या खुंटीवर, मधले सातवा आणि आठवा जागच्या जागी. दुसरी रीत घुसण्याची: नववा सहाव्या जागी घुसतो, सहावा सातवा होतो, सातवा आठवा होतो, आठवा नववा होतो. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पराभूताच्या बाजूने बघा. अदलाबदलीत एका पराभवाने तो तीन पायऱ्या खाली आपटतो, आणि ज्यांच्याशी तो खेळलेलाही नाही ते सातवे-आठवे त्याच्या वर जातात. पुढच्या वेळी तो आव्हान टाळण्यासाठी जिवाचं रान करील. घुसण्याच्या रीतीत तो एकच पायरी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी परत आव्हान देऊ शकतो. हरण्याची किंमत कमी झाली की टाळाटाळ आपोआप निम्मी होते.

या रीतीत तक्रार करतात ते मधले दोघे. “आम्ही काय केलं? आम्ही तर खेळलोही नाही, मग आम्ही का खाली?” आमच्या क्लबात ही तक्रार पहिल्या महिन्यात तीनदा माझ्याकडे आली. उत्तर तक्रारीतच आहे. तुम्ही खेळला नाहीत म्हणूनच खाली आलात. आजूबाजूचे लोक खेळत असताना नुसतं बसून राहिलं की माणूस हळूहळू घसरतो, आणि त्यासाठी कुणाला शिक्षा म्हणून काही करावं लागत नाही. आम्ही दुसरी रीत घेतली.

आव्हान किती वर द्यावं? आमच्याकडे मर्यादा तीन पायऱ्यांची आहे. एकाच पायरीची ठेवली तर एक चुकार माणूस खालच्या सगळ्यांची वाट अडवून बसतो. तो परगावी गेला की त्याच्या खालचा अडकला, आणि त्याच्याही खालचा. तीन पायऱ्या असल्या की एकाने नाही म्हटलं तर आणखी दोन दारं उघडी राहतात. मर्यादाच ठेवली नाही तर सगळे जण पहिल्या क्रमांकालाच आव्हान देतात. शनिवारी सकाळी तुम्ही सगळ्यात जबरदस्त खेळाडूसमोर उभे राहता आणि बारा मिनिटांत ११-१, ११-२, ११-० असा निकाल घेऊन बाहेर येता. त्यात तुमचं भलं नाही, आणि त्याचं तर नाहीच.

आता घड्याळ. आव्हान दिल्यापासून ४८ तासांत उत्तर, दहा दिवसांत सामना. आव्हान देणाऱ्याने तीन वेळा सुचवायच्या, त्यातली एक तरी शनिवार-रविवारची हवी आणि एक तरी कामाच्या दिवसाची. समोरच्याला तिन्ही चालत नसतील तर त्याने आपल्या तीन सुचवायच्या. सहाही वेळा फसल्या तर मी मधे पडतो आणि कोर्ट, तारीख, वेळ ठरवून टाकतो. न येणाऱ्याचा पराभव. कुठल्या तीन वेळा सुचवल्या होत्या हे लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. नियम करण्याआधीचं प्रत्येक भांडण ‘मी विचारलं होतं’ आणि ‘मला कुठे विचारलं?’ या दोन वाक्यांचं असे. आता आव्हान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर पडतं, आणि सगळ्यांसमोर पाहुण्यांचं कारण तिसऱ्यांदा द्यायला माणूस संकोचतो.

पुण्यातल्या जुलै-ऑगस्टसाठी आम्हाला एक पुरवणी जोडावी लागली. हवेतल्या दमटपणाने कोर्टाच्या भिंतींना घाम येतो. चेंडू भिंतीवर धरत नाही, सटकन घसरून येतो, आणि लाकडी जमीन ओली झाली की पाय निसटतो. अशा दिवशी खेळायला लावणं म्हणजे गुडघे मोडायला बोलावणं. भिंतीवर हात फिरवला आणि तळवा ओला झाला तर सामना पुढे, आणि तो दिवस दहा दिवसांत धरायचा नाही. चेंडूचंही लिहून ठेवलं: दोन पिवळ्या ठिपक्यांचा. तो फार कमी उसळतो, तापवून घ्यावा लागतो, आणि डिसेंबरात सकाळी सहाला थंड कोर्टावर तर जमिनीला चिकटल्यासारखा वागतो. म्हणून खालच्या आठ खुंट्यांवरच्यांना दोघांची संमती असेल तर एक ठिपक्याचा चालतो. संमती नसेल तर दोनच.

एवढं केल्यावर फळा हलायला लागला, आणि मग हुशार लोकांनी वाटा शोधल्या. त्यातली एक मला आजही आवडते, कारण ती नियमात चोख बसत होती. एका माणसाकडे एका वेळी एकच आव्हान असू शकतं, असा नियम होता. तिसऱ्या क्रमांकावरच्या एका सभासदाने पाचव्या क्रमांकावरच्या आपल्या मित्राला आव्हान द्यायला सांगितलं. सामना ठरला दहाव्या दिवशी. त्या दहा दिवसांत बाकी कुणालाही त्यांना आव्हान देता येईना. दहाव्या दिवशी दोघं खेळले, मित्र हरला, आणि त्याच संध्याकाळी त्याने परत आव्हान दिलं. सहा आठवडे हे चाललं. मित्राची ढाल करून तिसरा क्रमांक सुखात होता, आणि कागदावर तो क्लबातला सगळ्यात तत्पर खेळाडू दिसत होता.

तोड एका ओळीची निघाली: हरलेल्याने त्याच माणसाला तीस दिवस परत आव्हान द्यायचं नाही. तिसऱ्याला आव्हान देऊ शकणारे तिघंच, चौथा, पाचवा आणि सहावा. म्हणजे आता ढाल चालवायला एक मित्र पुरत नाही, तीन लागतात, आणि तिघांनाही स्वतः वर चढायची इच्छा नसावी लागते. असे तीन मित्र एका क्लबात अजून मला भेटलेले नाहीत.

खरा साप म्हणजे निष्क्रियतेचा नियम. मागच्या तीस दिवसांत एकही शिडीचा सामना न खेळलेला माणूस महिन्याच्या एक तारखेला एक पायरी खाली येतो. यात आम्ही जी चूक केली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला करावी लागणार नाही. पहिल्या एक तारखेला चौथा आणि पाचवा, दोघंही न खेळलेले निघाले. सहावा महिनाभरात चार सामने खेळला होता. मी वरून सुरुवात केली. चौथ्याला एक पायरी खाली आणलं, तेव्हा पाचवा वर गेला. मग तो आता वर गेलेला पाचवा, तोही न खेळलेला, म्हणून त्याला एक पायरी खाली आणलं, तेव्हा चौथा परत वर आला. दोन बिल्ले काढले, दोन लावले आणि फळा होता तसाच! चार सामने खेळलेला सहावा माझ्या मागे उभा राहून हे बघत होता. त्याने काही म्हटलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

घसरगुंडी खालून सुरू करायची असते. आधी पाचव्याला खाली आणा: सहावा पाचव्या जागी येतो. मग चौथ्याला खाली आणा: तोच खेळणारा माणूस आता चौथ्या जागी पोचतो, आणि दोघं न खेळलेले त्याच्या खाली, आपसातला क्रम न बदलता, एकेक पायरी उतरतात. तेच दोन बिल्ले, तोच नियम, क्रम तेवढा उलटा. फळ्याचा हिशेब ठेवणाऱ्याने हे कागदावर एकदा करून बघावं.

या नियमात एक अन्यायही लपलेला असतो. पहिल्या क्रमांकाच्या वर कुणी नाही, त्यामुळे तो आव्हान देऊ शकत नाही. खालच्या तिघांनी ठरवून त्याला विचारलंच नाही तर महिनाअखेर तो काही दोष नसताना घसरेल. म्हणून त्याला उलट दिशेने निमंत्रण द्यायची मुभा आहे. त्याने दोन, तीन, चार यांपैकी कुणालाही बोलवावं. बोलावलेला आला नाही तर पहिल्याचा महिना खेळल्यासारखा धरायचा. दुखापत, परीक्षा, बाळंतपण, परगावची नोकरी यांसाठी रजा आहे. रजेवरच्याचा बिल्ला फळ्याच्या उजव्या कडेला टांगतो, त्याच्या खालचे वर सरकतात. परत आल्यावर तो जुन्या जागेच्या पाच पायऱ्या खाली बसतो. तीन महिने रजाही नाही आणि खेळही नाही, तर बिल्ला खणात. बेंगळुरूच्या गृहस्थांचा बिल्ला मी पोस्टाने पाठवून दिला.

नवा सभासद आला की त्याला तळाशी बसवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. न्याय्य वाटते, पण हिशेब करा. फळ्यावर चोवीस नावं, नवा पंचविसावा. तो कॉलेजात राज्य पातळीवर खेळलेला असेल, तर तीन-तीन पायऱ्यांनी पंचविसाव्यावरून पहिल्यापर्यंत जायला आठ सामने लागतात, आणि प्रत्येकाला दहा दिवस धरले तर जवळजवळ तीन महिने. त्यातले पहिले चार-पाच सामने त्याला कंटाळवाणे आणि समोरच्यांना अपमानाचे. आम्ही त्याला थेट मधे, बाराव्याशी खेळवतो. जिंकला तर बारावी खुंटी त्याची, पुढचं त्याने चढून मिळवावं. हरला तर अठराव्याशी, तिथेही हरला तर एकविसाव्याशी. दोन-तीन सामन्यांत माणूस आपल्या जागेच्या आसपास येतो.

शिडीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. ती सांगते ते इतकंच, की अलीकडे कुणी कुणाला हरवलं. आमच्याकडे आठवा नेहमी दहाव्याला हरवतो, दहावा नवव्याला हरवतो, आणि नववा डावखुरा असल्यामुळे आठव्याला त्याचा चेंडू उमजत नाही. या तिघांचा खरा क्रम कुठलाच नाही. ते चाकासारखे फिरत राहतात. तीस-पस्तीस नावांच्या पुढे शिडी लांबट आणि सुस्त होते. तिथे बॉक्स लीग बरी: पाच-सहा जणांचे गट, महिनाभरात प्रत्येकाने गटातल्या प्रत्येकाशी खेळायचं, महिन्याच्या शेवटी वरचे दोन वरच्या गटात आणि खालचे दोन खालच्या गटात. त्यात आव्हान द्यायचं धाडस करावं लागत नाही, हा फायदा. पण कुणाला आव्हान द्यायचं ही गंमतही त्यात नाही.

ती गंमत किती जुनी आणि किती खोल आहे याचा एक दाखला मुंबईचा आहे. १९४४ मध्ये मुंबईत व्यावसायिक खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि पेशावरचा हाशिम खान ती जिंकला. त्याने हरवलेल्यांमध्ये मुंबईचा अब्दुल बारी होता. फाळणीनंतर हाशिम पाकिस्तानात, बारी भारतात. १९५० मध्ये बारी इंग्लंडला गेला, आणि ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात तो इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. म्हणजे जगात दुसरा. ही बातमी पेशावरला पोचली. ज्याला आपण हरवलंय तो दुसरा, मग आपण कुठे? पुढच्याच वर्षी, पस्तिशी उलटलेली असताना, हाशिम खान इंग्लंडला गेला आणि अंतिम सामन्यात त्याने करीमला ९-५, ९-०, ९-० असं हरवलं. त्यानंतर आणखी सहा वेळा तो ती स्पर्धा जिंकला. फळा नव्हता, खुंट्या नव्हत्या, पण आपला बिल्ला चुकीच्या जागी टांगलाय हे त्याला बरोबर कळलं होतं.

तुमच्या क्लबात, सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर किंवा टेबल टेनिसच्या खोलीत शिडी सुरू करायची असेल तर नियम फळ्याशेजारी एका पानात लावा, आणि फळा सांभाळणाऱ्याचं नावही फळ्यावर असू द्या. माझा बिल्ला सध्या सतराव्या खुंटीवर आहे. मागच्या एक तारखेला तो सोळाव्यावर होता. मी महिनाभर खेळलो नव्हतो, म्हणून मीच तो उतरवला. चौदाव्याला आव्हान दिलं आहे. शनिवारी सकाळी सातचं कोर्ट मिळालं आहे.